डुओक्रोममध्ये पोरं हिरव्यावर का अडकतात आणि मायनस कुठं थांबवायचा

प्रश्न: सर, मी निपाणीत एका ऑप्टिकल शॉपमध्ये आहे, डिप्लोमा होऊन ८ महिने झाले. लाल-हिरव्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांचा डुओक्रोम लावला की कॉलेजची पोरं सारखं हिरवंच क्लिअर म्हणतात, मी प्लस देत जातो तरी हिरवंच. सारखं दिसेपर्यंत जायचं की लालवर सोडायचं? आणि वयस्कर पेशंट उलटे, लाल लाल करतात, मायनस वाढवला की चष्मा परत येतो. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

तुझं लाल-हिरवं चुकत नाही, तू कुठल्या बाजूनं तिथं पोचतोयस ते चुकतंय. मी बेळगावात २२ वर्षं रिफ्रॅक्शन करतोय आणि माझ्याकडं शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा हीच गोष्ट करतो, ऑटोरेफचा आकडा ट्रायल फ्रेममध्ये घालतो, तिथनंच डुओक्रोम चालू करतो, हिरवं म्हटलं की पाव प्लस, लाल म्हटलं की पाव मायनस. "लाल तर मायनस, हिरवं तर प्लस" हे पाठ असतंय पण आत काय चाललंय ते डोक्यात नसलं की तरुण पेशंट तुला फिरवत ठेवतो.

आधी आतलं चित्र बघ. आपला डोळा सगळ्या रंगाचा प्रकाश एका जागी फोकस करत नाही. हिरवा जरा जास्त वळतो म्हणून तो पुढं, लाल कमी वळतो म्हणून तो मागं. चार्टवरच्या ह्या दोन रंगांमध्ये डोळ्याच्या आत साधारण अर्ध्या डायॉप्टरचं अंतर पडतंय. नंबर अगदी बरोबर असला तर रेटिना ह्या दोघांच्या मधोमध येतो, हिरवा पाव डायॉप्टर पुढं आणि लाल पाव डायॉप्टर मागं, आणि पेशंट म्हणतो दोन्ही सारखंच. आता मायनस पाव कमी पडला तर सगळंच पुढं सरकतं, लाल रेटिनावर येऊन बसतो, लालमधली अक्षरं क्लिअर. मायनस पाव जास्त झाला तर सगळं मागं, हिरवा रेटिनावर, हिरव्यातली अक्षरं क्लिअर. नुसत्या पाव नंबरनं उत्तर पलटतंय ते ह्यामुळं.

पण हे सगळं कधी खरं, तर डोळ्यातलं भिंग गप्प बसलं असेल तेव्हा. वीस वर्षाच्या पोराचं भिंग गप्प बसत नाही. तू त्याला अर्धा मायनस जास्त घातलास तर सगळं रेटिनाच्या मागं जातं, आणि ते पोरगं अ‍ॅकोमोडेशन करून ते सगळं परत पुढं ओढून आणतं, त्याला कळतसुद्धा नाही. मग ते हिरवं म्हणेल, सारखं म्हणेल, कधी लालसुद्धा म्हणेल, त्या क्षणी भिंग किती ताणलंय त्यावर. म्हणजे मायनसच्या बाजूनं आलास तर "सारखं" हे उत्तर तुला मायनस १.७५ ला पण मिळेल, २.०० ला पण आणि २.२५ ला पण. उलटं प्लसच्या बाजूनं आलास, म्हणजे मुद्दाम मायनस कमी ठेवून, तर सगळं रेटिनाच्या पुढं पडलेलं असतंय आणि तिथं अ‍ॅकोमोडेशन केलं तर अजून धूसर होतंय, सुधारत नाही. त्यामुळं भिंग आपोआप सैल पडतं. ह्या बाजूनं येताना पहिल्यांदा जे "सारखं" मिळतं त्यावर विश्वास ठेवता येतो. दुसऱ्या बाजूनं आलेल्या "सारखं"ला मी काही किंमत देत नाही.

तू काय करतोयस, पोरगं हिरव्यावर असताना पाव पाव प्लस देतोयस. ताणलेलं भिंग पाव प्लसनं लगेच सोडत नाही, ते थोडं सोडतं आणि परत हिरवंच दाखवतं, परत पाव, परत हिरवं. तुला वाटतं टेस्ट खराब आहे. असं रांगत जायचं नाही, एकदम पलीकडं उडी मारायची. रेटिनोस्कोपीच्या आकड्यावर पाऊण प्लस घाल, अक्षरं चांगली धूसर होऊ देत, अर्धा-एक मिनिट त्याला चार्टकडं नुसतं बघत बसव, आणि मग पाव पाव करत खाली ये.

गेल्या वर्षीची एक केस सांगतो म्हणजे आकडे कसे चालतात ते दिसेल. खानापूरकडच्या गावातली २० वर्षाची मुलगी, इंजिनीअरिंगला, इथं हॉस्टेलवर राहते. नवीन चष्मा दुसरीकडं करून १५ दिवस झालेले, उजवा मायनस २.२५, डावा मायनस २.००, सिलिंडर काही नाही. तक्रार अशी की अर्धा तास वाचलं की कपाळ दुखतंय आणि मग वर बघितलं की बोर्ड थोडा वेळ धूसर. चष्मा लावून दोन्ही डोळे ६/६, अगदी भराभरा वाचते. आता ६/६ बघून कुणीही म्हणेल नंबर बरोबर आहे. पण तरुण डोळ्यात ६/६ हे ओव्हरमायनस नसल्याचा पुरावा नव्हेच, अर्धा मायनस जास्त असला तरी ती ६/६ वाचणारच.

डुओक्रोम लावला तिच्याच चष्म्यावर, हिरवं क्लिअर. पाव प्लस समोर धरला, हिरवंच. तुझ्याकडं होतंय तेच. मग मी चष्मा बाजूला ठेवला, रेटिनोस्कोपी केली, लांब बघायला लावून, उजवा मायनस १.५० च्या आसपास आला. ट्रायल फ्रेममध्ये डावा डोळा झाकून उजव्याला मायनस ०.७५ नं सुरुवात केली म्हणजे पाऊण प्लस फॉग. तिथं ती ६/१८ वाचत होती. एवढ्या धूसर अवस्थेत डुओक्रोम विचारायचाच नाही, एक डायॉप्टरच्या आसपास चूक असली की दोन्ही रंगातली अक्षरं सारखीच विरघळलेली असतात आणि पेशंट काहीतरी अंदाजानं सांगतो. मायनस १.०० ला ६/१२, आता खोलीतला दिवा बंद केला आणि विचारलं, लाल. मायनस १.२५ ला ६/९, लाल. मायनस १.५० ला ६/६ च्या ओळीत दोन अक्षरं चुकली, अजून लालच पण थोडं विचार करून म्हणाली. मायनस १.७५ ला ६/६ पूर्ण आणि "सर आता दोन्हीकडं सेमच आहे". मायनस २.०० ला हिरवं, आणि ६/६ च्या पुढं एक अक्षरही जास्त नाही. डाव्या डोळ्याचा प्रवास असाच, शेवटचं लाल १.२५ ला, सारखं १.५० ला.

म्हणजे दोन्ही डोळ्यांत अर्धा अर्धा मायनस जास्त होता. अर्धा म्हणजे किती ते बघ, ३३ सेंटिमीटरवर वही धरली तर बरोबर नंबरवर तिला साधारण ३ डायॉप्टर अ‍ॅकोमोडेशन लागतं, ह्या चष्म्यानं साडेतीन, आणि लांब बघतानासुद्धा अर्धा सुटतच नाही. दिवसभर पुस्तक नि मोबाईल. तिचं कन्व्हर्जन्स तपासलं, ठीक होतं, म्हणून मी नंबरवर बोट ठेवलं, कपाळ दुखण्याला दुसरी कारणं असतात आणि ती न बघता सगळं चष्म्यावर ढकलायचं नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, सारख्यावर की लालवर. माझी पद्धत अशी आहे की दोन आकडे मनात लिहून ठेवायचे, शेवटचं लाल आणि पहिलं सारखं. तरुण मायोपला ह्या दोघांच्या पलीकडं, म्हणजे पहिल्या हिरव्यावर, कधी जायचं नाही. ह्या दोघांतलं कुठलं ते अक्षरं ठरवतात. शेवटच्या लालवर ६/६ पूर्ण वाचत असेल तर तिथंच थांब, पाव मायनस अजून देऊन काही मिळणार नाही. शेवटच्या लालवर ओळ अडखळत असेल आणि सारख्यावर पूर्ण होत असेल तर सारखं दे. ह्या मुलीला मी उजवा १.७५ आणि डावा १.५० दिला कारण उजव्याला १.५० वर तिची खरोखर दोन अक्षरं जात होती. नंतर दोन्ही डोळे उघडे ठेवून दोघांवर पाव प्लस धरून बघितला, त्यात परत ओळ अडखळली, म्हणून काढला. तीन आठवड्यांनी आली तेव्हा वाचून डोकं दुखायचं बंद झालं होतं. पहिले चार दिवस मात्र तिला लांबचं "जरा फिकट" वाटलेलं, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर पोरं दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन परत येतात.

फिकट का, तर जास्त मायनसमध्ये अक्षरं बारीक आणि काळीकुट्ट दिसतात आणि पेशंटला तेच क्लिअर वाटतं. ह्या "काळं दिसतंय" वरच मायनस चढत जातो. म्हणून पाव मायनस वाढवताना "हे चांगलं की ते" असं विचारूच नको. "खालच्या ओळीतलं अजून एक अक्षर वाचून दाखव" असं म्हण. वाचलं तर मायनसनं काहीतरी कमावलं. नाही वाचलं आणि तरी "हे बरं वाटतंय" म्हणत असेल तर तो पाव परत काढून घे. तिच्या पहिल्या चष्म्यात हेच झालं असणार, ऑटोरेफमध्ये डोकावताना तरुण डोळा जवळचं बघितल्यासारखा ताणतोच, त्यात अर्धा मायनस आयता येतो आणि मग काळं दिसतंय म्हणून तोच कायम होतो.

विचारायची भाषा फार महत्त्वाची आहे आणि आपल्याकडं तर दोन भाषांत विचारावं लागतंय. "लाल चांगलं की हिरवं" असं विचारलं की पेशंट रंग सांगतो, अक्षरं नाही. हिरवा उजळ असतो म्हणून बऱ्याच जणांना तोच आवडतो. "लालवरची काळी अक्षरं जास्त ठळक का हिरव्यावरची, का दोन्ही सारखीच" असं पूर्ण विचार, आणि तिसरा पर्याय दरवेळी तोंडानं म्हण, नाहीतर त्याला वाटतं दोघांतलं एक सांगायलाच पाहिजे. कन्नड पेशंटला पण तसंच, केंपु की हसिरु एवढंच न विचारता अक्षरांवर बोट फिरवून दाखव. आणि आधी हिरव्याकडं बघायला सांग, मग लालकडं, मग उत्तर. शेवटी हिरव्यावर टक लावून ठेवलं की तरुण डोळा तिथं फोकस करून बसतो. रंगांधळा असला तरी टेस्ट चालते, कारण इथं रंग ओळखायचा नाहीये, फोकस ओळखायचाय, फक्त लाल ज्याला कमी दिसतो त्याला ती बाजू काळवंडलेली वाटते, तर त्याला "डावीकडची-उजवीकडची" असं विचार.

उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही हे कसं ओळखायचं तर एकदा मुद्दाम चुकव. तरुणाला एक प्लस समोर धर, त्यानं लाल म्हणायलाच पाहिजे. एक प्लस धरून अक्षरं धूसर झाली तरी हिरवंच म्हणत असेल तर तो रंग आवडीनं सांगतोय, डुओक्रोम सोड आणि फॉगिंग करून अक्षरांवर जा. पण एक प्लस धरूनही हिरवं म्हणतोय आणि ६/६ ची ओळ धूसरच होत नाहीये, तर मात्र थांब, तिथं दडलेला प्लस किंवा अ‍ॅकोमोडेशनचा स्पॅझम आहे, त्या पोराला थेंब घालून सायक्लोप्लेजिक रिफ्रॅक्शन लागणार, नेत्रतज्ज्ञांकडं पाठव, तुझ्या दुकानात त्याचा नंबर निघणार नाही. हायपरोपमध्ये अजून एक, भिंग बदलताना आधी नवीन प्लस घाल आणि मग जुना काढ, मधे डोळा उघडा पडला की तेवढ्यात तो परत ताणतो.

सिलिंडर असेल तर आधी तो पूर्ण करून घे, डुओक्रोम फक्त स्फिअरचं सांगतो. क्रॉस सिलिंडर करण्याच्या आधी मी सारख्यावर किंवा किंचित हिरव्यावर ठेवतो आणि सिलिंडर संपल्यावर परत फॉग करून वर सांगितल्यासारखा शेवट गाठतो. सिलिंडरमध्ये मायनस अर्धा वाढवलास की स्फिअरला पाव प्लस द्यायला विसरू नको, ते विसरलं की शेवटी पेशंट हिरव्यावर सापडतो आणि आपल्याला कळत नाही हा मायनस कुठनं आला.

आता वयस्कर पेशंट. तिथं अ‍ॅकोमोडेशन नाही, अडचण वेगळीच आहे. मोतीबिंदू न्यूक्लिअर असला की भिंग पिवळं-तपकिरी होतं, ते हिरव्या-निळ्या बाजूचा प्रकाश जास्त खातं, हिरवी बाजू अंधारी पडते आणि आजोबा लाल लाल म्हणतात, फोकसशी त्याचा संबंधच नसतो. तू मायनस देतोस, ते परत लाल. इथं पण मुद्दाम चुकवून बघ, फक्त उलट्या बाजूनं. एक मायनस घाल, हिरवं म्हणायला पाहिजे. त्यावरही लाल म्हणाले की डुओक्रोम बंद. बाहुली एकदम बारीक असली तर दोन्ही नेहमी सारखंच सांगतात, तिथंही तेच.

पण एक लक्षात ठेव, न्यूक्लिअर मोतीबिंदूत खरोखरचा मायनसही वाढत असतो. म्हणून लाल म्हटलं की मायनस द्यायचाच नाही असंही नाही. माझ्याकडं तंबाखूच्या वखारीत जन्मभर काम केलेले एक ७० वर्षाचे काका आले होते, जुना चष्मा प्लानोच्या जवळ, दिसायचं ६/२४. मायनस ०.५० नं ६/१८, मायनस १.०० नं ६/१२, मायनस १.५० ला परत ६/१२ च, आणि डुओक्रोमवर चारही वेळा लाल. ऐकत बसलो असतो तर दोन मायनसपर्यंत गेलो असतो. मी १.०० ला थांबलो, कारण ओळ तिथंच थांबली. अशा डोळ्याला पाव नंबरचा फरक कळतच नाही, अर्ध्याच्या पायऱ्यांनी जा आणि ओळ मोज. इथं अर्धा मायनस जास्त गेला तर लांबचं ते ओढून आणू शकत नाहीत, शिवाय जवळचा नंबर ह्या लांबच्या नंबरवरच चढवायचा असतो, म्हणजे २.५० ची अ‍ॅडिशन दिलीस तरी हातात २.०० च पडते. चष्मा घेऊन परत येतात ते बहुतेक "पेपर वाचता येत नाही" म्हणूनच, विचारून बघ.

खोली पण बघ. चार्ट आरशातनं ६ मीटर येत असेल तर ठीक, पण बऱ्याच दुकानांत चार्ट सरळ ३ मीटरवर असतो. ३ मीटरवरून येणारा प्रकाशच पाव ते अर्ध्याच्या मधे, ०.३३ डायॉप्टर एवढा पसरत येतो, म्हणजे तिथं सारखं मिळालेला माणूस रस्त्यावर तेवढा मायनस कमी असतो, आणि त्यात तू शेवटच्या लालवर सोडलंस तर अर्ध्याच्या वर कमी पडतो. अशा खोलीत मी लालवर सोडत नाही, सारखं पकडतो आणि ट्रायल फ्रेम घालून पेशंटला दुकानाच्या दारात उभा करतो, समोरच्या रस्त्यावरची लांबची पाटी वाचायला लावतो. मायनस पाव समोर धरला आणि न दिसणारं अक्षर दिसायला लागलं तर तो पाव त्याचा हक्काचा आहे.

आणि चार्ट एलईडी स्क्रीनवर असेल तर त्याची सेटिंग एकदा तपास, रंग भडक करणारा मोड चालू असला किंवा एक बाजू दुसरीपेक्षा उजळ असली तर सगळेच पेशंट एकाच रंगावर जातील. सोपी परीक्षा म्हणजे तुझा स्वतःचा नंबर तुला माहीत आहे, तो घालून बस, पाव प्लस आणि पाव मायनस धरून बघ, दोन्हीकडं पलटायला पाहिजे. तुझं वय बघता मायनसच्या बाजूला नीट पलटणार नाही कदाचित, तेव्हा दुकानात कुणी पन्नाशीचं, डोळे साफ असलेलं असेल तर त्यांना बसव.